टॉवेल कारखान्यात कुठलं काम किती दिवस बंद राहिलेलं परवडतं?

प्रश्न: "सर, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. २४ माग, दोन पाळ्या, स्वतःचं छोटं डाइंग. माल एका निर्यातदारामार्फत बाहेर जातो. आता त्यांच्या बायरने बिझनेस इम्पॅक्ट अॅनालिसिस मागितलंय. नेटवरचा एक्सेल फॉर्म भरला तर सगळ्याच प्रक्रिया 'हाय' आल्या. कोणतं काम बंद पडलं तर किती नुकसान हे रुपयांत कसं काढायचं आणि क्रम कसा लावायचा?"

सगळं 'हाय' आलं याचं कारण तुमच्या कारखान्यात नाही, फॉर्मच्या प्रश्नात आहे. तो विचारतो, ही प्रक्रिया महत्त्वाची आहे का? डाइंग मास्तर, जॉबर, शिलाईची मुकादम, पॅकिंगचा पोरगा, कुणालाही विचारा, उत्तर 'हो' असंच येणार, आणि ते खोटंही नसतं. विचारायला हवं ते वेगळं: हे काम आत्ता थांबलं तर पहिला रुपया कधी जातो, आणि त्यानंतर रोज किती जातो? या दोन उत्तरांत वेळ येते, आणि वेळ आली की प्रक्रिया आपोआप एकमेकींपासून वेगळ्या होतात. संकटातही धंदा चालू ठेवण्यासाठीच्या ज्या आयएसओ २२३०१ या मानकाचा बायर आधार घेतात त्यातही हेच मागितलंय: थांबल्याचा परिणाम वेळेनुसार कसा वाढतो ते दाखवा.

सुरुवातीलाच सांगतो, खालचं गणित ऑर्डरी भरलेल्या आहेत असं धरून आहे. मागांना काम कमी असेल, गोदामात तयार माल पडून असेल, तर दोन दिवस बंद राहून तुमचं जवळपास काहीच जात नाही; नंतर निवांत भरून निघतं. तुम्ही जॉबवर विणत असाल, म्हणजे सूत पार्टीचं आणि तुम्हाला फक्त मजुरी, तर हिशोबाची पद्धत तीच पण आकडे फार लहान येतील. आणि मी घेतलेले दर उदाहरणाचे आहेत. तुमच्या पुस्तकातले घाला.

एका दिवसाची किंमत

बहुतेक मालक इथेच घसरतात. रोजचा माल ६०० किलो, भाव किलोला ४२० रुपये, म्हणजे रोजची विक्री २,५२,०००. म्हणून लिहून टाकतात, "एक दिवस बंद म्हणजे अडीच लाखांचं नुकसान." ते नुकसान नाही. माग थांबला तेव्हा सूतही वापरलं गेलं नाही, ते कोनवर तसंच आहे. रंग, केमिकल, बॉयलरचं जळण, वीज, कार्टन, काहीच खर्च झालं नाही. समजा सूत घट धरून किलोला २६०, रंग-केमिकल-जळण ४५, वीज १५, पॅकिंगचं सामान १०. हे सगळं मिळून ३३० रुपये वाचले. उरले किलोला ९०. त्या ९० रुपयांतून मजुरी, बँकेचा हप्ता, भाडं आणि तुमचं घर चालतं, आणि माग बंद असला तरी यातलं काही थांबत नाही. म्हणून एका पूर्ण दिवसाची किंमत ६०० गुणिले ९०, म्हणजे ५४,००० रुपये. मागामागे दिवसाला २,२५०. दोन पाळ्यांत मिळून २० तास माग चालत असतील तर तासाला २,७००.

यात मजुरीबद्दल एक गोष्ट तुम्ही ठरवायची आहे. आपल्याकडे मागवाल्याची मजुरी पीसवर असते, त्यामुळे काही जण म्हणतात की माग बंद तर मजुरीही वाचली. वहीत वाचते खरी. पण चांगला टेरी मागवाला दोन दिवस रिकामा बसला की तिसऱ्या दिवशी शेजारच्या शेडमध्ये उभा असतो, आणि नवा माणूस हाताशी येईपर्यंत मागाची एफिशियन्सी पडते. म्हणून मी बंदच्या काळातली मजुरी चालूच धरतो आणि मालकांनाही सांगतो की थांबलेल्या दिवसाचा बैठा पगार द्या. ती रक्कम त्या नुकसानीपेक्षा कमी असते.

आता भरपाई. एक दिवस बुडाला तर साप्ताहिक सुट्टी मोडून तो भरून काढता येतो. विणकामाची दिवसाची मजुरी १५,००० असेल तर सुट्टीच्या दिवशी दुप्पट, म्हणजे ३०,००० जातात, पण ५४,००० परत येतात. म्हणून एका दिवसाच्या बंदचं खरं नुकसान ३०,०००. ही सवलत एकदाच धरा. लागोपाठ आठवडे सुट्टी मोडली की माणसं गैरहजर राहायला लागतात आणि दुसऱ्या बाजूने माग रिकामे पडतात. त्यामुळे दोन दिवस बंद म्हणजे ८४,०००, तीन दिवस १,३८,०००, चार दिवस १,९२,०००.

तारखेचं नुकसान वेगळं लिहा

वरचं नुकसान रोज थोडं थोडं वाहून जातं. दुसऱ्या प्रकारचं नुकसान एका तारखेपर्यंत शून्य असतं आणि त्या तारखेला एकदम अंगावर येतं. तुमच्या धंद्यात ती तारीख म्हणजे कंटेनर भरायचा दिवस. समजा दर १५ कामाच्या दिवसांनी ९,००० किलोचा एक कंटेनर न्हावा शेव्याला जातो. बिल ३७,८०,००० रुपये. निर्यातदाराशी असलेल्या करारात उशिराला पाच टक्के कपात असेल तर जहाज चुकलं की १,८९,००० एका फटक्यात गेले. तुमच्या करारात काय आहे ते काढून वाचा. काही ठिकाणी कपात नसते पण विमानाने पाठवायचा खर्च तुमच्या माथी असतो, आणि तो पाच टक्क्यांच्या कितीतरी पुढे जातो.

या तारखेच्या मागे तुम्ही किती दिवस राखून ठेवलेत तेही लिहा. मी इथे दोन दिवस धरतो, म्हणजे शिलाई होऊन आलेला सगळा माल पॅकिंग सुरू करायच्या दोन दिवस आधी तयार असतो.

मध्ये पडून असलेला माल मोजा, तोही रंगाच्या शेडप्रमाणे

एखादं काम थांबलं की पुढचं काम लगेच थांबत नाही, कारण दोघांच्या मध्ये माल असतो. पहिला रुपया कधी जातो हे त्या मालावर ठरतं. हे मोजायला ऑफिसात बसून चालत नाही, शेडमध्ये जाऊन रॅकसमोर उभं राहावं लागतं.

डाइंगपासून सुरू करू. रंगवलेल्या कोनच्या रॅकवर १,८०० किलो सूत आहे, रोज ६०० लागतं, म्हणून मालक "तीन दिवसांचा साठा" सांगतो. मग वाइंडिंगवाल्या बाईला विचारलं की यातलं चालू ऑर्डरला काय काय लागतं, की ती वरच्या दोन फळ्यांकडे हात करते: तो गुलाबी मागच्या ऑर्डरचा उरलेला, तो पिस्ता कॅन्सल झालेल्या मालाचा, आणि खाली कोपऱ्यातले कोन शेड न जुळल्याने बाजूला टाकलेले. चालू ऑर्डरचे शेड वेगळे काढून वजन केलं की ९०० किलो भरतं. साठा दीड दिवसाचा आहे, तीनचा नाही. किलोत मोजलेला साठा सोलापुरात जवळपास प्रत्येक डाइंगवाल्या युनिटमध्ये असाच फुगलेला दिसतो. म्हणून फॉर्ममध्ये साठ्याचा आकडा घालण्याआधी शेडप्रमाणे वजन करून घ्या.

डाइंगमध्ये आणखी एक खर्च असतो जो पहिल्याच मिनिटाला होतो. मशीनमध्ये रिअॅक्टिव्ह डाइंगची बॅच चालू आहे, सोडा अॅश पडून गेला आहे आणि तेवढ्यात लाइट गेली. कोनमधून आत-बाहेर फिरणारं रंगाचं पाणी थांबलं की बाहेरचे थर आणि आतले थर वेगवेगळे रंग पकडतात. ती १५० किलोची बॅच मग नेव्ही किंवा काळ्यात बुडवावी लागते. दुसऱ्यांदा रंगवण्याचा खर्च आणि वाया गेलेला वेळ धरून १०,००० रुपये लिहा. बंद पाच मिनिटांचा असो की पाच दिवसांचा, हा खर्च तेवढाच. त्याला तासाच्या दरात मिसळू नका, वेगळ्या रकान्यात ठेवा.

आता वार्पिंग. टेरीच्या मागावर दोन बीम असतात, ग्राउंडचा आणि पाइलचा. फंदे पाइलच्या धाग्याचे पडतात, त्यामुळे पाइलचा ताणा ग्राउंडच्या कित्येक पट लांबीने खर्च होतो आणि पाइलचा बीम आधी संपतो. या उदाहरणात ग्राउंडचा बीम दहा-बारा दिवस जातो, पाइलचा तीन दिवस. माग वेगवेगळ्या वेळी चढवलेले असल्यामुळे रोज साधारण आठ मागांचे पाइल बीम संपतात. शेडमध्ये आठ भरलेले बीम राखीव आहेत.

वार्पिंग मशीन आज सकाळी बंद पडलं असं धरा. पहिल्या दिवशी आठ बीम संपले, आठ राखीव चढले, नुकसान शून्य. दुसऱ्या दिवशी दिवसभरात हळूहळू आठ माग उभे राहिले, म्हणजे सरासरीने चार मागांचा दिवस बुडाला: ९,००० रुपये. तिसऱ्या दिवशी आठाचे सोळा झाले, सरासरी बारा: २७,०००. चौथ्या दिवशी सोळाचे चोवीस, सरासरी वीस: ४५,०००. चार दिवसांत मिळून ८१,०००, म्हणजे सगळ्या मागांचे मिळून दीड दिवस बुडाले. पाचव्या दिवसापासून रोजचे पूर्ण ५४,०००.

डाइंग थांबलं तर हीच साखळी दीड दिवस उशिरा सुरू होते, कारण आधी रॅकवरचे कोन वार्पिंगला जातात. म्हणून डाइंग बंद पडलं की बॅचचे १०,००० लगेच जातात, आणि त्यानंतर पहिला माग उभा राहायला अडीच दिवस लागतात.

शिलाई उलट्या बाजूला आहे. ती थांबली तरी माग चालूच राहतात, न कापलेल्या टॉवेलच्या थप्प्या वाढतात. रोजचे ५४,००० इथे लावायचेच नाहीत. पाहायचं ते एवढंच की मागे पडलेलं काम भरून काढायला शिलाईकडे जादा ताकद किती आहे. शिलाई दिवसाला ८०० किलो काढू शकते आणि माग ६०० देतात, म्हणजे रोज २०० किलोची वसुली. एक दिवस बुडाला तर भरून निघायला तीन दिवस. ऑर्डरच्या तिसऱ्या दिवशी शिलाई तीन दिवस बंद राहिली तर वसुलीला नऊ दिवस लागून ती तारखेच्या आत पोचते. हाच बंद शेवटच्या आठवड्यात आला तर वसुलीला वेळच नाही, राखीव दोन दिवसच काय ते हातात.

पॅकिंग आणि लेबल या कामाकडे फॉर्ममध्ये कुणी बघत नाही. शेवटचं कार्टन मार्किंग आणि बारकोडची फाइल निर्यातदाराकडून तीन-चार दिवस आधी येते, तोवर लेबल छापता येत नाहीत. मग शेवटच्या दोन दिवसांत सगळी छपाई, पॅकिंग लिस्ट, ई-वे बिल, आणि उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ई-इन्व्हॉइस, हे एका कॉम्प्युटरवर एकच माणूस करतो. राखीव दोन दिवस त्याच्या आधीच संपलेले असतात. पंधरापैकी तेरा दिवस हा कॉम्प्युटर बंद असला तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. उरलेल्या दोन दिवसांत तो अर्ध्या दिवसापेक्षा जास्त बंद राहिला तर १,८९,००० गेले.

तुमची सहनशक्ती आधी ठरवा

क्रम लावायला एक रेघ लागते: किती रुपये गेले की धंदा अडचणीत येतो? हा आकडा मालकानेच द्यायचा. मी बँकेचं कॅश क्रेडिट खातं उघडायला सांगतो. सूतवाल्याची उधारी चुकवल्यानंतर महिन्याच्या सगळ्यात तंग आठवड्यात मर्यादेत किती शिल्लक राहते ते बघा. समजा दीड लाख. म्हणजे एका प्रसंगात दीड लाखांपर्यंत गेले तर तुम्ही हप्ता आणि पगार वेळेवर देऊ शकता, त्यापुढे कुणाचे तरी थकणार. हा आकडा हिशोब करण्याआधी कागदावर लिहा. नंतर ठरवला की तो हवा तसा वर-खाली सरकवला जातो.

आता प्रत्येक कामाला एकच प्रश्न: दीड लाखांची रेघ, किंवा कंटेनरची तारीख, यातलं आधी काय ओलांडलं जातं आणि किती वेळात? बायरच्या फॉर्ममध्ये एमटीपीडी नावाचा रकाना आहे तो हाच.

विणकाम संपूर्ण थांबलं तर तीन दिवसांत १,३८,००० जातात. सुट्टीने एक दिवस भरून काढला तर उशीर दोन दिवसांचा, तो राखीव दिवसांत बसतो. चौथ्या दिवशी रक्कम १,९२,००० होते, वर जहाज चुकून १,८९,०००, एकूण ३,८१,०००. म्हणून विणकामाची मुदत तीन दिवस.

वार्पिंगला पाच दिवसांत १,३५,०००, त्यातून सुट्टीच्या भरपाईचे निव्वळ २४,००० वजा केले की १,११,०००. सहाव्या दिवशी १,६५,००० आणि तारीखही गेली. कागदावर मुदत पाच दिवस. पण मी चार लिहितो. कारण वार्पिंग पाचव्या दिवशी सुरू झालं म्हणून चोवीस माग त्याच दिवशी सुरू होत नाहीत. मशीन दिवसाला दहाएक बीम भरणार, मग बीम चढवून सांधायचे, म्हणजे शेवटचा माग धावायला आणखी दोन दिवस. ही शेपूट बहुतेक लोक हिशोबात धरत नाहीत. जिथे पुढची यंत्रं एक एक करून उभी राहिली असतील तिथे ती एक एक करूनच सुरू होतात, आणि तो काळही नुकसानीचाच असतो.

डाइंगला दीड दिवस जास्त मिळतो, कागदावर साडेसहा. तीच शेपूट इथेही आहे, शिवाय बॅचचे १०,००० आधीच गेलेले. पाच दिवस लिहा.

बिलिंगबद्दल तुमचे अकाउंटंट भांडतील, म्हणून तेही करून दाखवतो. माल गेला पण बिल आठवडाभर उशिरा गेलं तर पैसे तेवढे उशिरा येतात. ३७,८०,००० वर वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर दिवसाला १,२४० रुपये. दीड लाखांची रेघ गाठायला चार महिने लागतील. गाडीसोबतचे कागद मात्र बिलिंगमध्ये मोजू नका, ते पॅकिंगच्या गटात आहेत, कारण त्यांच्याशिवाय गाडी गेटबाहेर पडत नाही.

तर वाईटात वाईट वेळ धरून क्रम असा लागतो. पॅकिंग-लेबल-डिस्पॅच अर्धा दिवस, शिलाई दोन दिवस, विणकाम तीन, वार्पिंग चार, डाइंग पाच, बिलिंग काही महिने. पहिल्या दोघांसमोर "फक्त कंटेनरच्या आठवड्यात" असं लिहाच. एरवी ते बिलिंगच्या जरा वर, इतकंच. ज्या डाइंगवर तुमचा सगळ्यात जास्त पैसा अडकलाय आणि ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते, ते पाचव्या क्रमांकावर येतं, हे पाहून मालक अस्वस्थ होतात. पण थांबा, अजून एक पायरी आहे.

मुदत आणि प्रत्यक्ष वेळ यातली दरी

हा क्रम फक्त सांगतो की कोणतं काम किती वेळ थांबलेलं चालेल. ते किती वेळा थांबतं हा धोक्याचा हिशोब आहे, तो वेगळ्या कागदावर करा. दोन्ही एका गुणांकात मिसळले की पुन्हा सगळं 'हाय' येतं. मुदत काढल्यावर तिच्यासमोर एकच आकडा मांडायचा: आज हे काम बंद पडलं तर पुन्हा सुरू व्हायला खरोखर किती दिवस लागतील?

विणकामाच्या समोर सगळ्यात वाईट प्रसंग लिहा, तुमचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर जळणं. दुरुस्तीला आठवडा लागत असेल तर मुदत तीन दिवसांची आहे, दरी चार दिवसांची. इथे सगळे चोवीस माग चालायची गरज नाही. ऑर्डर निम्मी झाली असेल तर बारा मागांवर किती दिवसांत पुरी होते ते काढा आणि तेवढ्याच मागांपुरता भाड्याचा जनरेटर कुणाकडून, किती वेळात येतो याची बोलणी आधी करून ठेवा. डाइंगला त्याच्यावर घेऊ नका. रॅकवर दीड दिवसाचे कोन आणि शेडमध्ये बीम असताना त्याची घाई नसते. हाच तर मुदती काढण्याचा उपयोग.

डाइंगमध्ये बॉयलर पकडा. दाबाच्या भागाची दुरुस्ती बाष्पके खात्याच्या परवानगीशिवाय करता येत नाही, त्यामुळे नळी बदलायला दोन दिवस पुरत असले तरी चालू करायला दहा दिवस सहज जातात. मुदत पाच, प्रत्यक्ष दहा. बाहेरच्या डाइंगला सूत द्यायचं म्हटलं तर लॅब डिप, शेडची मंजुरी आणि मग बॅच, असे आठ दिवस. पण हेच शेड त्या बाहेरच्या डाइंगकडून आधीच काढून, बायरकडून मंजूर करून ठेवले असतील तर चार दिवसांत पहिली बॅच येते आणि दरी मिटते. तुमच्या रंगांचं गणित डाइंग मास्तरांच्या खिशातल्या डायरीत असेल तर ते यासाठी बाहेर यावं लागेल. मास्तरांना विश्वासात घेऊन, त्यांच्या नावाने नोंद ठेवून ते करा. हिसकावून घेतलेली रेसिपी अर्धीच असते.

पॅकिंगच्या समोर कॉम्प्युटर बिघडला तर दोन दिवस. मुदत अर्धा दिवस. ही दरी मिटवायला लागतं काय? बारकोडच्या फाइलची प्रत ऑफिसच्या मेलवर, लेबल प्रिंटरची सेटिंग दुसऱ्या लॅपटॉपवर करून चाचणी घेतलेली, आणि ई-वे बिल काढता येणारा दुसरा माणूस. चार-पाच हजारांचा खर्च आणि एक दुपार. पैसे कुठे आधी घालायचे हे या दरीवरून ठरतं: दरी मोठी आणि मिटवण्याचा खर्च कमी, ते आधी. म्हणून मी या युनिटला पहिल्या आठवड्यात लेबलचं काम, मग शेडची मंजुरी, मग जनरेटरची बोलणी असं सांगेन. वार्पिंगला मी आत्ता हात लावणार नाही, कारण सोलापुरात बीम बाहेरून भरून मिळतात आणि ते दोन दिवसांत होतं, मुदतीच्या आत.

सामाईक गोष्टी

आपण प्रत्येक काम सुटं धरून हिशोब केला, पण वीज गेली तर जवळपास सगळीच कामं एकदम थांबतात. म्हणून कामांची यादी झाल्यावर एक उभी यादी करा: वीज, पाणी, वाफ, कॉम्प्रेसर, इंटरनेट, आणि ज्यांच्याशिवाय चालत नाही अशी माणसं. प्रत्येकासमोर त्याच्यावर अवलंबून असलेली कामं, आणि त्यातली सगळ्यात कमी मुदत ही त्या गोष्टीची मुदत.

पाण्याचं उदाहरण घ्या, सोलापुरात ते टाळून चालत नाही. कोन डाइंगला सगळे बाथ धरून किलोला साधारण ७० लिटर पाणी लागलं तर ६०० किलोला ४२,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चार-पाच टँकर. पाण्यावर फक्त डाइंग अवलंबून असल्याने पाण्याची मुदत डाइंगचीच, पाच दिवस. एप्रिल-मेमध्ये बोअर आटतं तेव्हा टँकरवाले आधीच बांधले गेलेले असतात, पाच दिवसांत नवा टँकरवाला मिळत नाही. शिवाय टँकरचं पाणी जड असेल तर शेड हलतो आणि मंजूर शेडही नामंजूर होतो. तेव्हा पाण्यासमोर फक्त लिटर लिहू नका, सॉफ्टनर किती लिटरनंतर रिजनरेट करावा लागतो तेही लिहा.

आकडे कुठून आणायचे

कुणालाही एकत्र बसवून विचारू नका. मालकासमोर मुकादम "लगेच सुरू करतो साहेब" असंच म्हणणार. एकेकाला त्याच्या जागेवर गाठा. मागांचं प्रॉडक्शन रजिस्टर, डाइंगचं बॅच रजिस्टर, डिस्पॅचची वही आणि वर्षभराची वीजबिलं, एवढं पुरतं. तोंडी सांगितलेला दुरुस्तीचा वेळ मागच्या खऱ्या प्रसंगाशी ताडून बघा. जॉबर म्हणाला वार्पिंग एका दिवसात सुरू होतं, तर रजिस्टरमध्ये मागच्या वेळी पाइल बीम नसल्यामुळे किती माग किती दिवस उभे होते ते शोधा. रिकामे रकाने खोटं बोलत नाहीत.

विम्याबद्दल एक सूचना, कारण हा प्रश्न पुढे येतोच. आगीच्या पॉलिसीसोबत नफ्याच्या नुकसानीचं कव्हर मिळतं, आणि त्याची रक्कम ठरवायला हाच किलोमागे ९० रुपयांचा हिशोब कामी येतो. पण ते कव्हर विमा असलेल्या मालमत्तेचं प्रत्यक्ष नुकसान झालं तरच लागू होतं. वीज नव्हती, पाणी नव्हतं, मास्तर सोडून गेले, यासाठी ते नाही. म्हणून फॉर्ममध्ये "विम्यातून भरपाई" हा रकाना असेल तर प्रत्येक ओळीत 'हो' लिहू नका.

बायरला देताना एमटीपीडीच्या रकान्यात वरच्या मुदती द्या आणि आरटीओच्या रकान्यात, म्हणजे तुम्ही किती वेळात सुरू करायचं ठरवलंय तिथे, त्यापेक्षा कमी आकडा द्या: विणकामाला दोन दिवस, डाइंगला चार. जी दरी अजून मिटलेली नाही तिथे मिटवण्याची तारीख लिहा. ऑडिटर आले की ते नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवून जनरेटरवाल्याचं पत्र किंवा शेडच्या मंजुरीची मेल मागतात. मागांची संख्या बदलली, कंटेनरची पाळी १५ वरून १० दिवसांवर आली किंवा करारातली कपात बदलली की त्याच दिवशी गणित पुन्हा करा. या तिन्हीपैकी काही झालं नाही तरी मार्चमध्ये, पाणी आटण्याआधी, शेडप्रमाणे साठा एकदा मोजून घ्या.